एकतीस मेचा कार्यभार

महाराष्ट्रात निवृत्तीला जर काही हंगाम असेल, तर तो मे महिन्याच्या उतरणीवर येतो. आंब्याच्या अढ्या रिकाम्या होऊ लागतात, दुपारी एखादा चुकार ढग येऊन अंगणावरून सावली फिरवून जातो, आणि कार्यालयांतून, शाळा-महाविद्यालयांतून शाल-श्रीफळाची खरेदी सुरू होते. या हंगामाचे मूळ जुन्या शाळामास्तरांच्या हस्ताक्षरात आहे. लेकराचे नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली, तर तो ‘दुष्काळाच्या साली’ किंवा ‘पोळ्याच्या मागेपुढे’ असे काहीतरी सांगे. मास्तर पोराकडे एकवार पाहत, वयाचा अंदाज बांधत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून दाखलखारिज रजिस्टरात १ जून लिहून पुढच्या बापाकडे वळत. त्या एका फटकाऱ्याने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींना एकच वाढदिवस मिळाला. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा सेवानियम आहे. म्हणून ३१ मे. आपल्या प्राचार्य मॅडम याच कागदी वाढदिवसाच्या मानकरी. त्यांच्या आईच्या आठवणीप्रमाणे त्या श्रावणातल्या. पण श्रावण सेवापुस्तकात चालत नाही.

या तारखेची गंमत अशी, की ती भर सुट्टीत येते. आपण प्राध्यापक गावी गेलेले असतो, वसतिगृहाला कुलूप असते, मैदानावर धुळीखेरीज कोणी नसते. म्हणून निरोपसमारंभ एप्रिलच्या अखेरीस, परीक्षांच्या धामधुमीतच उरकून घ्यावा लागतो. तो आपण रीतसर केला. मानपत्र वाचले, छायाचित्र काढले, मॅडम दोन वाक्ये बोलून थांबल्या. पण त्या दिवशी त्या निवृत्त झाल्या नव्हत्या. प्राचार्यांना आपल्यासारखी उन्हाळी सुट्टी नसते. समारंभानंतरचा सारा महिना त्या रोज येत होत्या आणि खरा निरोप, ज्याला कार्यालयीन भाषेत कार्यभार सोपवणे म्हणतात, तो आज होतो आहे. प्राध्यापकवर्गाच्या वतीने हे चार शब्द लिहिताना आपल्याला बोलायचे आहे ते याच दुसऱ्या निरोपाविषयी. मानपत्रांची भाषा आपणां सर्वांना पाठ असते. त्यातली विशेषणे कुठल्याही प्राचार्यांना चिकटवावीत आणि ती चिकटावीत, इतकी ती सैल असतात. कार्यभाराच्या यादीत विशेषण नसते. तिथे माणसाने काय घेतले होते आणि काय परत दिले, एवढेच लिहिलेले असते.

आपल्याकडे प्राचार्यांना असा सावकाश निरोप देण्याची चाल फार जुनी नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली, चाळिशीही न गाठता, पदावर असतानाच गेले. त्यांच्या जागी आलेले गोपाळ गणेश आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले, तेही पदावर असतानाच आणि तेही चाळिशीच्या आत. त्या पिढीला कार्यभाराची यादी करायला सवडच मिळाली नाही. नंतरच्यांनी जे हाती लागले ते घेतले आणि पुढे चालवले. आजच्या प्राचार्यपदाला मुदत असते, पाच वर्षांची, आणि बाहेरच्या समितीने कामाचे मूल्यमापन केल्यावर आणखी एका मुदतीची. मॅडमनी दोन्ही पूर्ण केल्या. जायचा दिवस ज्याला आधीपासून ठाऊक असतो, त्याने तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून काम केले का, असे आता विचारता येते. मॅडमच्या बाबतीत याचे उत्तर आपण प्रशस्तीने देण्याऐवजी एका विभागाच्या हकिकतीने देऊ.

तो विभाग इतिहासाचा. मॅडम रसायनशास्त्राच्या, हे वाचकांना ठाऊक आहेच. इतिहास विभागात मंजूर पद एकच, आणि ते भूषवणारे आपले सहकारी २०१६ मध्ये निवृत्त झाले. पद रिकामे झाले म्हणजे ते पुन्हा भरले जाईल, असे बाहेरच्यांना वाटते. अनुदानित महाविद्यालयातल्या माणसाला तसे वाटत नाही. रिकाम्या पदाला आपण जिवंत आहोत हे दर वर्षी सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध होते कार्यभाराच्या आकड्यांवर. हा दुसरा कार्यभार, म्हणजे शिकवण्याच्या तासांचा हिशेब. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ घड्याळी तास प्रत्यक्ष अध्यापन असावे, असा दंडक आहे. आपली तासिका ४८ मिनिटांची, म्हणजे १६ घड्याळी तासांच्या २० तासिका होतात. विभागात २० तासिकांचे काम निघाले, तर एक पद उभे राहते. १९ निघाल्या, तर कोणाची तरी पेन्सिल त्या पदाशेजारी प्रश्नचिन्ह काढते.

आता पुणे विद्यापीठाच्या तेव्हाच्या कला शाखेच्या आराखड्यात इतिहासाच्या तासिका किती होत्या, ते पाहू. प्रथम, द्वितीय आणि तृतीय वर्षाला सामान्य स्तराचा एकेक पेपर, आठवड्याला प्रत्येकी चार तासिका, झाल्या बारा. द्वितीय वर्षाला विशेष स्तराचे दोन पेपर, तृतीय वर्षाला आणखी दोन, त्यांच्या सोळा. एकूण २८ तासिका, म्हणजे २२.४ घड्याळी तास. पद उभे राहते, वर थोडे उरतेही. पण सारा डोलारा विशेष स्तरावर आहे, हे या बेरजेकडे नीट पाहिले की लक्षात येते. इतिहास विशेष घेणारे विद्यार्थी नाहीत म्हणून ते चार पेपर एकदा बंद केले, की हाती उरतात बारा तासिका, ९.६ घड्याळी तास. तेवढ्यावर पूर्णवेळ पद टिकत नाही. आणि पद एकदा गेले की परत येत नाही, हे सांगायला इतिहासाच्या प्राध्यापकाची गरज नाही.

त्या वर्षी इतिहास विशेष घेणारी मुले सात होती. सात मुलांसाठी सोळा तासिका चालवायच्या का, असा प्रश्न एका बैठकीत निघाला, आणि तो काही दुष्टाव्याने निघाला नव्हता; वर्गखोल्या कमी होत्या, वेळापत्रक ओढूनताणून बसत होते, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत आपल्यापैकीही काही जण होते. मॅडमनी वर्ग बंद केला नाही. त्यांनी तो ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत हलवला. मग प्रथम वर्षाच्या मुलांना त्यांच्या त्यांच्या गावातल्या वीरगळी मोजून आणायला सांगितले. देवळाच्या पारावर शेंदूर फासलेले, गुरे बांधायला रोवलेले, ओढ्याच्या काठी उलथे पडलेले ते दगड मुलांनी जन्मभर पाहिलेले होते. त्यांवर खालून वर वाचायची एक गोष्ट कोरलेली असते, खाली लढाई, मध्ये अप्सरांनी वर नेलेला वीर, माथ्यावर शिवपूजा आणि चंद्रसूर्य, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तासिका तत्त्वावरच्या आपल्या सहकाऱ्यांनी ते सांगितले. नोंदी करणाऱ्या गरजू मुलांचे तास विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेत धरले गेले. पुढच्या वर्षी इतिहास विशेषच्या हजेरीपटावर एकोणीस नावे होती, आणि वर्ग पुन्हा पुढच्या खोलीत आला.

इथे एक बाजूची गोष्ट सांगायला हवी, कारण मॅडमचा स्वभाव तिच्यातच अधिक दिसतो. प्रथम वर्ष कलेची आपली दुसरी तुकडी होती, आणि तिच्या इतिहासाच्या चार तासिका विभागाने कार्यभाराच्या तक्त्यात धरल्या होत्या. २८ चे ३२ झाले होते. तक्ता भरभक्कम दिसत होता, विभाग खूष होता. मॅडमनी लाल पेनाने त्या चार तासिका खोडल्या. ती तुकडी विनाअनुदानित तत्त्वावर मंजूर होती. तिचे तास अनुदानित पदाच्या हिशेबात धरता येत नाहीत. आपण काही जण त्या दिवशी मनातून नाराज झालो. कोण एवढे तपासणार आहे, असेही कोणी म्हटले. तपासणाऱ्याने तपासले. कार्यभाराची पडताळणी झाली तेव्हा मंजुरीपत्र, हजेरीपट आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून तासिका मोजल्या गेल्या, आणि इतिहासाच्या २८ च्या २८ टिकल्या. फुगवलेल्या तक्त्यातली एक ओळ खोटी निघाली, की तपासणारा उरलेल्या ओळींकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. घड्याळी तासांच्या रकान्यात ४८ मिनिटांच्या तासिका तशाच भरणे, बंद झालेला पेपर तक्त्यात राहू देणे, पेपरचे नाव अभ्यासक्रमातल्याहून निराळे लिहिणे, अशा किरकोळ चुकांनीही विभागांचे प्रस्ताव ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत येतात आणि सहा-सहा महिने जातात. रसायनशास्त्राच्या माणसाला मोजमापाची ही शिस्त प्रयोगशाळेने लावली असेल. आपल्या कपाटांनाही ती आता थोडीफार लागली आहे.

पण कार्यभार टिकला म्हणून पद भरले गेले असे झाले नाही. मे २०१७ मध्ये राज्यात पदभरतीवर निर्बंध आले. इतिहासाचे २२.४ तास तासिका तत्त्वावर वाटावे लागले, आणि तशा प्राध्यापकाला आठवड्याला नऊ तासांची मर्यादा असल्याने एका माणसाच्या कामासाठी तीन माणसे शोधावी लागली. तिघेही नेट-सेट झालेले. तिघांनाही सुट्टीत मानधन नाही. तिघांचीही नेमणूक त्या वर्षापुरती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभरातल्या सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला शासनाने मान्यता दिली तेव्हा आपल्या महाविद्यालयात कोणी पेढे वाटले नाहीत, कारण पुढचा रस्ता माहीत होता. आधी बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला जाईल याचा क्रमवार तक्ता. तो तयार करायचा, विद्यापीठाच्या आणि विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायचा, मग उच्च शिक्षण विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, मग वृत्तपत्रांत जाहिरात, मग कुलगुरूंचे आणि शासनाचे प्रतिनिधी घेऊन निवड समिती, मग विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी वेतननिश्चिती.

हा रस्ता सरळ असता, तरी लांबचा होता. त्या काळात तो सरळही राहिला नाही. २०१८ च्या अखेरीस राज्यात सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १६ टक्के आरक्षणाचा कायदा आला. २०१९ च्या आरंभी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आले. जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले १६ टक्के १३ वर आणले. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. या निर्णयांची योग्यायोग्यता हा आजचा विषय नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात त्यांचा अर्थ एवढाच होता, की बिंदुनामावलीतले बिंदू दर वेळी नव्याने मांडायचे आणि तपासणीची फेरी पहिल्यापासून सुरू करायची. मधल्या काळात टाळेबंदी आली, आणि मे २०२० मध्ये नव्या भरतीवर पुन्हा बंदी. कोणत्याही टप्प्यावर ‘आता राहू द्या’ म्हणण्याला चांगली सबब उपलब्ध होती. मॅडमनी ती वापरली नाही. प्रत्येक बदलाबरोबर त्या बिंदुनामावलीची फाइल पुन्हा उघडत, जुनी पाने न काढता नवी लावत, आणि वर एका कागदावर तारखेनिशी लिहून ठेवत की काय बदलले व कशामुळे. नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ जागांची वाट मोकळी झाली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी शोधाशोध सुरू झाली. आपली फाइल टेबलावर होती. निवड समिती बसली आणि इतिहास विभागाला पूर्णवेळ प्राध्यापक मिळाले. तासिका तत्त्वावरच्या तिघांपैकी एकाचीच निवड होऊ शकत होती, ती झाली. उरलेले दोघे त्या दिवशी आपल्याला भेटायला स्टाफरूममध्ये आले नाहीत, आणि त्यांनी यायला हवे होते असे कोणालाही वाटले नाही. मॅडमनी त्या दोघांची अनुभवाची प्रमाणपत्रे त्याच संध्याकाळी सही करून ठेवली होती. व्यवस्थेने ज्यांना वर्षानुवर्षे उंबऱ्यावर ठेवले, त्यांच्यासाठी प्राचार्यांच्या हाती याहून फारसे काही नसते, ही गोष्ट निरोपाच्या लेखातही झाकून ठेवू नये असे आपल्याला वाटते.

या साऱ्या खटाटोपाचे आपण कौतुक करतो, तेव्हा एक विसंगतीही कबूल करायला हवी. मॅडम उत्तम शिक्षिका होत्या. क्षार-विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकाला त्या परीक्षानळी हातात घेत, तेव्हा मागच्या बाकावरची मुले पुढे येत. अशी शिक्षिका दोन मुदती तक्ते, बिंदू आणि त्रुटीपूर्तता यांत घालवते, हा व्यवहार तोट्याचा की फायद्याचा? आपला कौल असा, की इतिहासाच्या एका पदामुळे पुढची पंचवीस-तीस वर्षे एक वर्ग भरत राहील. रसायनशास्त्राच्या किती मुलांचे प्रात्यक्षिक त्यामुळे त्यांच्याविना झाले, याचा हिशेब मात्र कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही. प्राचार्यपदासाठी आज पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि ठरावीक संशोधन गुणांक लागतो. म्हणजे अध्यापन-संशोधनात ज्याने स्वतःला सिद्ध केले, त्यालाच आपण तिथून उठवून कार्यालयात बसवतो. जाहिरात देऊनही प्राचार्यपदाला अर्ज येत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. पात्र माणसे कमी, हे त्याचे एक कारण. पात्र माणसांना आपला वर्ग सोडवत नाही, हे दुसरे, आणि ते आपल्याला अधिक सन्मानाचे वाटते.

आता कार्यभाराच्या यादीकडे वळू, कारण आज दुपारी ती वाचली जाईल. किल्ल्या, गोल शिक्का, धनादेश पुस्तके, रोजकीर्द, डेडस्टॉक रजिस्टर, सर्वांची सेवापुस्तके, महाविद्यालय विकास समितीचे इतिवृत्त, प्रलंबित न्यायप्रकरणांच्या फाइली. हे जुन्या याद्यांतही असे. या वेळी यादीला एक नवे पान जोडले आहे, आणि ते पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले. शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ, उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे, नॅकचे, वेतनदेयकांचे, विद्यापीठाचे. प्रत्येकाचे वापरनाव, आणि त्यापुढे ‘नोंदणीकृत भ्रमणध्वनी बदलला’ असा शेरा व तारीख. हे पान का लागते, ते शेजारच्या महाविद्यालयांच्या अनुभवावरून आपल्याला माहीत आहे. निवृत्त प्राचार्य नातवंडांकडे पुण्याला गेलेले असतात, शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठवायची शेवटची तारीख असते, आणि ओटीपी जातो त्यांच्या मोबाइलवर. ते दुपारचे झोपलेले असतात. शंभर मुलांची शिष्यवृत्ती एका माणसाच्या वामकुक्षीवर अडून राहते. मॅडमनी मे महिन्याचे मधले दोन आठवडे हीच कामे केली. प्रत्येक ठिकाणी अर्ज, ठराव, नव्या क्रमांकाची नोंद. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मात्र सोपवता येत नाही. ते ज्याचे त्याचे असते, त्यामुळे उद्यापासून सही करणाऱ्यांना नवे काढावे लागेल, आणि त्याचा अर्ज भरून ठेवला आहे.

सही उद्यापासून कोणाची, याचे उत्तर आज तरी ‘प्रभारी’ असे आहे. नव्या प्राचार्यांची निवड होईपर्यंत आपल्यातल्या ज्येष्ठतम सहकाऱ्यांकडे कार्यभार जातो आहे. ‘प्रभारी’ या शब्दाला आपल्या क्षेत्रात थोडी उपरेपणाची छटा आहे; तात्पुरत्या माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत असा संकेत, आणि मोठे निर्णय तर दारात उभे. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाला २०२४-२५ पासून लागू झाली. सामान्य आणि विशेष ही जुनी विभागणी आता मुख्य विषय, गौण विषय आणि इतर गटांच्या श्रेयांकांत मोजली जाते. तासिकेच्या विषयाला एका श्रेयांकाचे सत्रात पंधरा तास. म्हणजे चार श्रेयांकांच्या पेपरला साठ तास, पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार. अंकगणित सोपे आहे. अवघड आहे ते हे, की मुख्य विषय म्हणून इतिहास किती मुले घेतील ते आता पहिल्याच वर्षी ठरू लागते, आणि मराठी, हिंदी, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान या साऱ्यांना तोच प्रश्न आहे. वीरगळींनी एकदा इतिहास तारला. दर वेळी वीरगळी हाताशी असतीलच असे नाही.

म्हणून मॅडमनी जाता जाता प्रत्येक विभागाला एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात गेल्या पाच वर्षांचे प्रवेश, जुन्या आराखड्यातल्या तासिका, नव्या आराखड्यातले श्रेयांक आणि मंजूर पदे असे रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना रिकामा आहे. त्याला शीर्षकही नाही. काय लिहायचे असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘मुले का येत नाहीत ते लिहा. विभागाला ठाऊक असते, फक्त कोणी विचारत नाही.’ रसायनशास्त्र विभागाने तो रकाना सर्वांत आधी भरला, आणि सर्वांत स्पष्टपणे. त्यात पहिले कारण त्यांनी असे लिहिले आहे, की सकाळची एसटी नऊ चाळीसला येते आणि प्रात्यक्षिक नऊला सुरू होते. या कारणावर उपाय करायला शासनमान्यता लागत नाही.

मॅडमच्या स्वतःच्या कागदांविषयीही दोन शब्द, कारण कनिष्ठ सहकाऱ्यांनी वारंवार विचारले आहे. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव सेवापुस्तकाच्या पडताळणीसह वेळेत गेला आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्या पिढीतल्या आता आपल्याकडे मोजक्याच व्यक्ती उरल्या. त्यानंतर आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, आणि मॅडमच्या निरोपाच्या दिवशी स्टाफरूममध्ये ज्या गप्पा झाल्या त्यांत निम्म्या याच विषयावर होत्या. मॅडम त्या ऐकत होत्या. प्रत्येकाने आपापल्या सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत या जूनमध्येच काढून घरी ठेवावी, एवढाच सल्ला त्यांनी दिला. ना-देय प्रमाणपत्रावर सर्व विभागांच्या सह्या झाल्या. एक ग्रंथालयाची राहिली होती, कारण मॅडमच्या नावावर रसायनशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक निघाले, जे त्यांनी प्राचार्य व्हायच्या आधी वाचायला म्हणून घेतले होते. ते काल जमा झाले. उशिराचा दंड ग्रंथपालांनी नियमाप्रमाणे लावला आणि मॅडमनी पावती घेतली.

त्यांनी पुढे काय करावे, याच्या सूचना निरोपाच्या भाषणांत बऱ्याच झाल्या. आपली एकच विनंती आहे, आणि ती प्राध्यापकवर्गाच्या वतीने इथे लेखी करतो: जुलैत प्रात्यक्षिके सुरू झाली की आठवड्यातून एक सकाळ प्रयोगशाळेत यावे, मानधनाविना आणि हजेरीविना. सकाळच्या एसटीचा विचार करून वेळ बदलली जाईल.

बारावीचे निकाल लागले आहेत आणि प्रथम वर्षाचे प्रवेश उद्यापासून. प्रवेश समितीच्या आदेशावर मॅडमची या पदावरची शेवटची सही आहे. तो फलकावर लागला आहे. कला शाखेच्या टेबलावर इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्र, विज्ञानाच्या टेबलावर रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र, वाणिज्याचे नेहमीचेच. सुट्टीवरून परतणाऱ्या सहकाऱ्यांनी आपापली नावे पाहून घ्यावीत. सकाळी साडेदहाला हजर राहायचे आहे, आणि विषयनिवडीचे अर्ज मुलांकडून भरून घेताना घाई करायची नाही, असे आदेशाच्या तळाशी हाताने लिहिले आहे.